क्लोरीनची मात्रा आणि संपर्ककाळ: टाकीजवळच्या पहिल्या घराचे पाणी

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास आला की ते निर्धोक झाले, असे आपण सहज धरून चालतो. लहान नळपाणी योजनेत हा समज फसवा ठरू शकतो. क्लोरीन पाण्यात पडताक्षणी सगळे जंतू मरत नाहीत. त्यासाठी काही वेळ जावा लागतो. जलकुंभाला लागूनच असलेल्या पहिल्या घरी क्लोरीनचा वास सर्वांत तीव्र येतो, पण त्या पाण्याला क्लोरीनचा सहवास मात्र सर्वांत कमी मिळालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, पाण्याचा सामू ८ पेक्षा कमी असताना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर दर लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे. सामू याहून वाढला की क्लोरीनचे प्रभावी रूप झपाट्याने घटते. पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांआड दडतात आणि मातीतील सेंद्रिय द्रव्यच बराचसा क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून पावसाळ्यात जांभ्या मातीचे लाल पाणी आले की आधी गाळण सुधारावी लागते. नुसती मात्रा वाढवून भागत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. गावाचा जलकुंभ ४०,००० लिटरचा आहे आणि गाळलेले पाणी तासाला १०,००० लिटर या वेगाने त्यात येते. चाचणीत असे दिसले, की अर्ध्या तासात पाणी लिटरमागे १.४ मिलिग्रॅम क्लोरीन खाते. त्यावर ०.६ मिलिग्रॅम शिल्लक हवा, म्हणजे मात्रा २ मिलिग्रॅम झाली आणि तासाला २० ग्रॅम क्लोरीन लागला. एक टक्क्याच्या द्रावणात लिटरमागे १० ग्रॅम क्लोरीन असतो. म्हणजे तासाला २ लिटर, मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर द्रावण सोडायचे. ही धार मोजपात्र आणि घड्याळ घेऊन रोज तपासावी. ब्लीचिंग पावडरीतील चुना खाली बसून नळी तुंबवतो, म्हणून वरचे निवळच वापरावे.

दिवसाच्या ५० लिटर द्रावणासाठी ५०० ग्रॅम क्लोरीन हवा. ताज्या पावडरीत तो सुमारे ३३ टक्के असतो, म्हणजे दीड किलो पुरते. दमट हवेत उघड्या पोत्यात पडून ते प्रमाण १५ टक्क्यांवर आले असेल, तर त्याच दीड किलोतून जेमतेम २२५ ग्रॅम मिळतो. वजन बरोबर आणि मात्रा निम्म्याहूनही कमी, अशी चूक नोंदवहीत दिसत नाही.

मात्रा साधली तरी वेळेचा प्रश्न उरतोच. सकाळी गावाला तासाला २४,००० लिटर पाणी सुटते. भरलेल्या कुंभाला या वेगाने भागले तर संपर्ककाळ १०० मिनिटे येतो; पण हे झाले कागदावर. पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची नळी शेजारी-शेजारी असेल व मध्ये आडभिंत नसेल, तर नवे पाणी जुन्याला वळसा घालून थेट बाहेर पडते. अशा टाकीत हिशोबाचा दहावा भागच धरण्याची रीत आहे: १० मिनिटे. कुंभात १२,००० लिटरच उरले की तीन मिनिटे! तेवढ्या वेळात तोच परिणाम साधायचा तर लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्लोरीन लागेल आणि ते पाणी कोणी तोंडाला लावणार नाही.

आडभिंती घालून पाण्याला नागमोडी वाट दिली, तर साधारण निम्मा काळ धरता येतो. मग ३० मिनिटांसाठी कुंभात २४,००० लिटर पाणी सदैव राखावे लागेल. याचा अर्थ, पूर्ण भरलेल्या कुंभातून या वेगाने सलग तासाभराहून थोडाच अधिक पुरवठा करता येतो. पुढे झडप आवळावी किंवा वाड्यांना आळीपाळीने पाणी सोडावे. आडभिंती बांधणे शक्य नसेल, तर कुंभ भरून, क्लोरीन नीट मिसळून, भरणे थांबवावे आणि अर्ध्या तासानंतरच पाणी सोडावे. पैसा लागत नाही. लागतो तो नळावर ताटकळणाऱ्यांचा संयम.

तपासणीसाठी ऑर्थोटोलिडिनचे थेंब वापरतात. मुक्त क्लोरीनचा पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांतच पाहावा. नंतर गडद होणारा रंग अमोनियाशी बांधल्या गेलेल्या, दुबळ्या क्लोरीनचा असतो. लोहयुक्त पाणीही याच थेंबांनी पिवळे पडू शकते. म्हणून क्लोरीन घालण्यापूर्वीच्या गाळलेल्या पाण्यावर तीच चाचणी एकदा करून पाहावी. तेथेही पिवळेपणा आला, तर नळावरचा आकडा विश्वासार्ह नाही. शेवटच्या नळाला भारतीय मानकानुसार किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा. पहिल्या घरी मात्र रंगावरून काहीच ठरत नाही. तेथे कुंभातील पाण्याची पातळी आणि पाणी सोडल्याची वेळच पाहावी लागते.

क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीच्या कवचापुढे अर्ध्या तासाचा हा संपर्कही तोकडा पडतो. त्याला अडवण्याचे काम गाळणीचेच आहे.