किशोरवयीन मद्यपान आणि मद्याधीनता

किशोरवयात सुरू झालेले मद्यपान प्रौढ वयात सुरू झालेल्या मद्यपानापेक्षा अधिक अपायकारक मानले जाते. या वयात मेंदूची जडणघडण अपूर्ण असते. शिवाय दारूचे जे परिणाम प्रौढाला थांबायला लावतात, ते किशोराला उशिरा जाणवतात, असे संशोधनातून दिसते.

मेंदूवरील परिणाम

मेंदूचे सर्व भाग एकाच वेळी परिपक्व होत नाहीत. सुखाच्या ओढीशी निगडित असलेले खोलवरचे भाग पौगंडावस्थेच्या आरंभीच अतिशय क्रियाशील होतात. परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा कपाळामागील भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. त्याच काळात वारंवार वापरल्या जाणाऱ्या चेतापेशींच्या जोडण्या दृढ होतात आणि वापरात नसलेल्या गळून पडतात. वरचेवर घेतलेली दारू या घडणीतच अडथळा आणते.

प्रयोगशाळेतील उंदरांवर केलेल्या अभ्यासांत एक विसंगती आढळली. ज्या मात्रेने प्रौढ उंदरांना गुंगी येते व त्यांचा तोल जातो, त्याच मात्रेचा किशोरवयीन उंदरांवर तसा परिणाम कमी होतो. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचे कार्य मात्र किशोर उंदरांमध्ये अधिक सहज बिघडते. ‘याला दारू चढतच नाही’ असे कौतुक मित्रमंडळीत होते. वस्तुतः ती ताकद नसून पुरेशी झाल्याची खूण न मिळणे असू शकते. मुलांना दारू देऊन प्रयोग करणे नीतीला धरून नसल्यामुळे या विषयातील प्रायोगिक पुरावा मुख्यतः प्राण्यांवरील आहे.

पुढील मद्याधीनतेचा धोका

मद्याधीनतेत दारूची मात्रा वाढवावी लागते, ठरवूनही थांबता येत नाही आणि बंद केल्यास कंप, घाम, अस्वस्थता अशी लक्षणे दिसू शकतात. अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे ब्रिजेट ग्रँट व डेबोरा डॉसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, १५ वर्षांपूर्वी पिणे सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी मद्याधीन झाले. २० व्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात केलेल्यांपैकीही बहुसंख्य मद्याधीन झाले नाहीत, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. सुरुवातीचे वय लोकांनी आठवणीवरून सांगितले होते, ही या अभ्यासाची मर्यादा आहे.

लवकर पिणे हे कारण आहे की केवळ लक्षण, याविषयी मतभेद आहेत. व्हर्जिनियातील जुळ्यांच्या अभ्यासावरून कॅरल प्रेस्कॉट व केनेथ केंडलर यांनी १९९९ मध्ये असे मत मांडले, की ज्या कौटुंबिक व आनुवंशिक घटकांमुळे मूल लवकर पिऊ लागते, तेच पुढील मद्याधीनतेलाही जबाबदार असावेत. याउलट न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा प्रौढ वयापर्यंत मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, पूर्वी वर्तनाच्या तक्रारी नसलेल्या मुलांमध्येही १५ वर्षांपूर्वीच्या व्यसनसंपर्कानंतर धोका वाढलेला आढळला. मात्र तेथे दारूबरोबर इतर अमली पदार्थांचाही विचार केला होता, त्यामुळे तो निष्कर्ष एकट्या दारूला लागू करता येत नाही.