जीव ओवाळण्याची भाषा

१८९४ साली बडोद्यात जन्मलेले माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, हे फारशीचे अध्यापक होते. मराठीत रुळलेल्या फारशी शब्दांचा त्यांचा कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. तो चाळताना आपल्या बोलण्यात इराणचे किती शब्द येऊन बसले आहेत, हे पाहून नवल वाटते. परंतु शब्द आपल्याकडे आले, तरी ते वापरण्याची रीत मात्र पुष्कळदा तिकडेच राहिली. म्हणूनच फारशी वाचताना ओळखीचाच शब्द मराठी वाचकाला फसवतो. त्यातही इराणी पतिपत्नींच्या बोलण्यात तर पदोपदी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. परगावी गेलेल्या नवऱ्याला पत्नी लिहिते, ‘कुर्बानत बेरवम, दौरत बेगर्दम, जायत खाली बूद.’ शब्दाला शब्द ठेवून मराठी केले, तर ते असे होईल : ‘मी तुझा बळी होऊन जावे, मी तुझ्याभोवती फिरावे, तुझी जागा रिकामी होती.’ हे वाचून कोणी म्हणेल, ही बिचारी जिवावर उदार झालेली दासी दिसते. दुसरा म्हणेल, ही नुसती लाघवी खुशामत आहे. दोघेही चुकले.

यांतील मधल्या वाक्याला इतिहास आहे. १५३० साली हुमायून आजारी पडला, तेव्हा बाबराने आग्र्यास त्याच्या शय्येभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मुलाचे दुखणे आपल्यावर यावे अशी प्रार्थना केली, अशी कथा आहे. बाबराची कन्या गुलबदन बेगम हिने आपल्या फारशी ग्रंथात हा प्रसंग सांगितला आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबर वारला. प्रिय माणसाभोवती फिरले, की त्याची पीडा फिरणाऱ्याच्या अंगावर येते, ही त्यामागची समजूत. कृती मागे पडली आणि वाक्य उरले. आज ते उच्चारणारी इराणी स्त्री कोणाभोवती फिरत नाही, की मरणही मागत नाही.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. लिंबलोण उतरणारी, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणारी आपली आजी हेच करीत असे. म्हणून ‘दौरत बेगर्दम’चे खरे मराठी ‘तुझ्याभोवती फिरेन’ नव्हे, तर ‘तुझ्यावरून जीव ओवाळून टाकीन’ हे आहे. ‘कुर्बानत बेरवम’ ऐकून मात्र आपल्याला रणांगणावरची कुर्बानी आठवते. इराणात हा उद्गार चहाचा पेला हाती देतानाही निघतो आणि त्यावर ‘खुदा न कुनद’, देव न करो, असे ठरलेले उत्तर मिळते. ‘जायत खाली बूद’ म्हणजे ‘तू हवा होतास’, एवढेच.

‘जिगर’ शब्दाची गंमत आणखी निराळी. मराठीत जिगर म्हणजे हिंमत; फारशीत मूळ अर्थ यकृत, आणि लाडाने ‘माझे काळीज’. ‘तुझे जिगर खाईन’ असे पत्नी म्हणाली, तर ते आपल्या ‘खाऊ की गिळू’ या रागाच्या जातीचे नसते. गुबगुबीत बाळाला ‘खाऊन टाकावेसे वाटते’ म्हणतो, त्या जातीचे असते.

या सगळ्याला पुष्कळदा सरसकट ‘तआरोफ’ म्हटले जाते. उर्दूत याच शब्दाचा अर्थ परिचय असा होतो. फारशीत तो आग्रह, नकार आणि पुन्हा आग्रह या शिष्टाचाराचे नाव आहे. लाडाच्या उद्गारांना मात्र ‘कुर्बान-सदका’ असे वेगळे नाव आहे. सदका म्हणजे पीडा टळावी म्हणून दिलेले दान.

मग अशा शब्दांतून प्रेम ओळखावे तरी कसे? नुसत्या सूत्रावरून ते ओळखता येत नाही, कारण हेच ‘कुर्बान’ दुकानदारही गिऱ्हाइकाला निरोप देताना वापरतो. पाहायचे असते ते नेहमीपेक्षा काय बदलले ते. रोज ‘कुर्बानत बेरवम’ म्हणणारी पत्नी एके दिवशी नुसते कोरडे ‘ठीक आहे’ लिहील, तर काही बिनसले आहे असे समजावे. सूत्र सोडून जे लिहिलेले असते, म्हणजे औषध घेतलेस का, पैसे पोचले का, तेथे तिचे खरे बोलणे असते.

आपली जुनी पत्रेही अशीच वाचावी लागतात. ‘शिरसाष्टांग नमस्कार’ लिहिणारा मनुष्य जमिनीवर आडवा पडून लिहीत नव्हता, आणि ‘चरणांची दासी’ अशी सही करणारी पत्नी त्याच पत्रात नवऱ्याला घरखर्चाचा रोखठोक जाब विचारू शकत होती. तिच्या सहीवरून कोणी परदेशी अभ्यासकाने तिच्या संसाराचा निवाडा केला, तर तो आपल्याला रुचणार नाही. इराणी पत्नीच्या पत्रालाही तेवढाच न्याय आपण द्यायला हवा.