पोषण तक्ता : छायाचित्रावरून वाचन

बंद पाकिटावर छापलेली पोषणमूल्यांची चौकट मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रातून वाचून, आपण खाल्लेल्या पदार्थातून किती ऊर्जा, मेद, साखर आणि मीठ पोटात गेले, याचा अंदाज बांधण्याची रीत. काष्टी (ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर) येथील आठवडे बाजारात सुट्टी तोलून मिळणाऱ्या शेव-फरसाणावर असा तक्ता नसतो. किराणा दुकानातल्या बंद पाकिटावर मात्र तो असतो.

भारतात या तक्त्याचे स्वरूप भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ठरवले आहे. पोषणमूल्ये १०० ग्रॅम (किंवा १०० मिलिलिटर) पदार्थाला किती, हे छापतात आणि त्याशेजारी एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हे देतात. एका ओळीतले दोन आकडे असे दोन वेगळ्या वजनांचे असतात. ग्रॅमचा आकडा १०० ग्रॅमचा, तर टक्का कदाचित २० ग्रॅमचाच. वाचनातली बहुतेक गफलत इथे होते.

सर्व्हिंग. हे वजन उत्पादक ठरवतो. एवढेच खावे असा तो सल्ला नव्हे आणि घरातली वाटी तेवढीच असते असेही नाही. सर्व्हिंगचे वजन आणि पाकिटातील सर्व्हिंगची संख्या अनेकदा चौकटीच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत असते. नुसत्या चौकटीचा फोटो काढला की ती ओळ कापली जाते आणि टक्के निरुपयोगी होतात. म्हणून निव्वळ वजनाची जागा आणि सर्व्हिंगची ओळ दोन्ही फोटोत यायला हवीत.

टक्क्यांचा पाया. हे टक्के सरासरी प्रौढ माणसासाठी आहेत. ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण मेद ६७ ग्रॅम, संपृक्त मेद २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम (सुमारे ५ ग्रॅम मीठ) म्हणजे १०० टक्के. संपृक्त मेद, साखर आणि सोडियम यांचे शंभर टक्के म्हणजे ओलांडू नये अशी मर्यादा. ती भरून काढायची नसते.

उदाहरण. शेवेचे २०० ग्रॅमचे पाकीट घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत. सर्व्हिंग २० ग्रॅम, म्हणजे पाकिटात दहा. १०० ग्रॅमला ऊर्जा ५५८ किलोकॅलरी, प्रथिने १३ ग्रॅम, कर्बोदके ४१ ग्रॅम, मेद ३८ ग्रॅम, त्यात संपृक्त १५ ग्रॅम, आणि सोडियम ८०० मिलिग्रॅम. एका सर्व्हिंगमध्ये संपृक्त मेद ३ ग्रॅम, म्हणून टक्का १४ छापला जाईल, सोडियमचा ८. दोन्ही आकडे किरकोळ वाटतात. पण चहाबरोबर कोणी ८० ग्रॅम शेव संपवली, तर त्या चार सर्व्हिंग झाल्या. संपृक्त मेद १२ ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. सोडियम ३२ टक्के. ऊर्जा सुमारे ४४६ किलोकॅलरी, म्हणजे २२ टक्के. तेवढीच शेव चार ते सहा वर्षांच्या मुलाने खाल्ली, तर त्याच्या सुमारे १३६० किलोकॅलरींच्या गरजेचा तिसरा हिस्सा त्यातच संपतो. लेबलावरचा टक्का लहान मुलाला लावू नये तो यासाठी.

पुसट आकड्याची पडताळणी. चकचकीत पाकिटावर उजेड परावर्तित होतो, चुरगळलेल्या भागात ३ आणि ८ सारखे दिसतात, दशांशचिन्ह तर सहज हरवते. पाकीट ताणून सपाट धरावे, फ्लॅश बंद ठेवावा आणि उजेड बाजूने घ्यावा. तरीही शंका राहिली तर बेरीज करून पाहावी. एक ग्रॅम प्रथिने किंवा कर्बोदके सुमारे ४ किलोकॅलरी देतात, मेद ९. वरच्या तक्त्यात मेद ३३ वाचला, तर बेरीज ५१३ येते आणि छापील ५५८ शी ४५ चा फरक पडतो. हा फरक नेमका ५ ग्रॅम मेदाचा, म्हणून आकडा ३८ च. टक्क्यावरूनही हीच खात्री होते. मेदाच्या ओळीत ११ टक्के असेल, तर ६७ चे ११ टक्के म्हणजे सर्व्हिंगला सुमारे ७.४ ग्रॅम आणि १०० ग्रॅमला ३७ च्या आसपास. तंतुमय पदार्थ आणि आकड्यांचे पूर्णांकन यांमुळे थोडा फरक राहतोच. मोठा फरक मात्र वाचनातली चूक दाखवतो.

परदेशी पाकिटे. अमेरिकेतून नातेवाईक आणतात त्या पाकिटांवर ग्रॅम आणि टक्के दोन्ही सर्व्हिंगचे असतात आणि पायाही निराळा असतो : सोडियम २३०० मिलिग्रॅम, संपृक्त मेद २० ग्रॅम. त्यामुळे दोन देशांच्या पाकिटांची तुलना टक्क्यांवरून करता येत नाही. दोन्हींचे ग्रॅम १०० ग्रॅमवर आणून मगच ती करावी.