जमिनीची आम्लता आणि पोषकद्रव्यांचे शोषण

जमिनीची आम्लता म्हणजे मातीतील व मातीच्या ओलाव्यातील हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम यांच्या धनभारित कणांमुळे तिला आलेला आम्लधर्म होय. आम्ल जमिनीत घातलेले खत नाहीसे होत नाही, परंतु त्यातील काही अन्नद्रव्ये मुळांना घेता येत नाहीत अशा रूपात बांधली जातात. कोकणातील शेतकरी मेळाव्यांत "खत घातले, पण लागू पडले नाही" अशी तक्रार ऐकू येते, तिचे एक महत्त्वाचे कारण हेच आहे. प्रस्तुत लेखात कोकणातील जांभ्या जमिनीच्या उदाहरणावरून, मेळाव्यातील छोट्या व्याख्यानात सांगता येईल अशा क्रमाने, हा विषय मांडला आहे.

जांभी जमीन आम्ल का होते

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत वर्षाकाठी २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांतच कोसळतो. हे पाणी जमिनीतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाश धुऊन नेते. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे पाण्यात सहजी विरघळत नाहीत, म्हणून ती मागे उरतात. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळेच आलेला असतो. अमोनियम सल्फेट व युरिया यांच्या सततच्या वापरानेही आम्लता वाढते, कारण अमोनियाचे नायट्रेट होताना हायड्रोजन मुक्त होतो.

सामू आणि दडलेली आम्लता

आम्लता 'सामू' या अंकाने मोजतात. हे माप डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली सुचविले. ७ हा उदासीन बिंदू असून त्याखालील अंक आम्लता दाखवितो. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे विसरता कामा नये. ५ सामूच्या मातीतील ओलाव्यात ६ सामूच्या मानाने दहापट हायड्रोजन असतो.

तरीही आम्लतेचा फार थोडा भाग सामूमध्ये दिसतो. एका गुंठ्यातील वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात सुमारे २० टन माती असते. तिच्यात ओल वजनाने पाचवा हिस्सा धरली, तर पाणी ४,००० लिटर भरते. सामू ५ असताना एवढ्या पाण्यातील आम्लता मारण्यास अवघी दोन ग्रॅम चुनखडीची भुकटी पुरते. विड्याच्या पानांना लावण्याइतका हा चुना! परंतु मातीच्या कणांना ॲल्युमिनियम चिकटलेले असते. ते प्रतिकिलो मातीस ९० मिलिग्रॅम आहे असे उदाहरणादाखल धरले, तर गुंठ्यात १ किलो ८०० ग्रॅम ॲल्युमिनियम होते आणि ते निष्प्रभ करण्यास १० किलो चुनखडी लागते. पाण्यातील आम्लता मारली, तरी कणांवरचे ॲल्युमिनियम पाण्यात येऊन ती पुन्हा भरून काढते. म्हणूनच एकच सामू असलेल्या दोन शेतांना चुना सारखाच लागेल असे नाही. चिकणमाती व सेंद्रिय द्रव्य ज्या शेतात अधिक, तेथे दडलेली आम्लताही बहुधा अधिक असते. व्याख्यानात वेळेअभावी हा भाग गाळला जातो आणि केवळ सामूच्या आकड्यावरून चुन्याचे प्रमाण ठरविण्याची चूक तेथूनच सुरू होते.

मुळांवर व स्फुरदावर परिणाम

सामू ५.५च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळू लागते व ५च्या खाली ते पुष्कळ पिकांना विषारी ठरते. त्याचा पहिला घाव मुळाच्या टोकावर होतो. मुळे आखूड, जाड व तपकिरी होतात. बारीक उपमुळे फुटत नाहीत.

स्फुरदाच्या बाबतीत हे दुहेरी नुकसान आहे. स्फुरद मातीत काही मिलिमीटरच सरकतो, त्यामुळे मुळाला त्याच्याजवळ जावे लागते. आम्ल जमिनीत एकीकडे मूळ खुंटलेले असते आणि दुसरीकडे सुपर फॉस्फेटमधून आलेला स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो. हा बंध जुना होईल तसा अधिकच घट्ट होतो. खत फेकून देण्याऐवजी ओळीत, बियाण्याच्या बाजूला व थोडे खाली दिल्यास मातीशी त्याचा संपर्क कमी येतो आणि बंधनही कमी होते.

एकच खाचर, दोन पिके

भात चांगला आला, मग त्याच खाचरात भुईमूग का फसला, हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. खाचरात पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, फेरिक लोहाचे फेरस लोह होते व या क्रियेत हायड्रोजन खर्ची पडतो. काही आठवड्यांत सामू उदासीन बिंदूच्या जवळ येतो. लोहाने धरून ठेवलेला स्फुरदही काही अंशी सुटतो. अशा रीतीने भाताला चुन्याविनाच चुन्याचा लाभ मिळतो.

कापणीपूर्वी पाणी काढले की हे सारे उलटते. हवा शिरते, लोह पुन्हा फेरिक होते आणि सामू मूळपदावर येतो. नव्याने बनलेल्या लोह-ऑक्साइडांचा पृष्ठभाग मोठा असल्याने ती स्फुरद अधिक जोराने धरतात. नेमक्या याच मातीत भुईमूग पेरला जातो.

भुईमुगाची आणखी एक अडचण आहे. त्याच्या वाढत्या शेंगा कॅल्शियम मुळांकडून नव्हे, तर भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषतात. आऱ्या जेथे जमिनीत शिरतात त्या वरच्या थरात कॅल्शियम नसेल, तर झाड हिरवेगार दिसूनही शेंगा पोचट राहतात. याखेरीज आम्ल मातीत मॉलिब्डेनम कमी मिळते, आणि नत्र स्थिर करणाऱ्या मुळांवरील गाठींना ते लागते. झाड उपटून गाठ नखाने फोडल्यास कार्यक्षम गाठ आतून गुलाबी-लालसर दिसते. पांढरी किंवा हिरवट गाठ काम करीत नसते. पोचट शेंगा पाण्याच्या ताणानेही होतात, म्हणून केवळ त्यावरून आम्लतेचा निष्कर्ष काढू नये. शेंगा पोचट, गाठी फिकट आणि मुळे आखूड अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर माती तपासून घ्यावी.

चुना देणे

प्रयोगशाळेत बफर द्रावणाच्या पद्धतीने 'चुन्याची गरज' काढतात व तिच्यात दडलेली आम्लता धरलेली असते. वरील उदाहरणातील १० किलो चुनखडीऐवजी कळीचा चुना ५.६ किलो किंवा विरवलेला चुना ७.४ किलो पुरतो. चुनखडी जितकी बारीक, तितकी लवकर लागू पडते. ती पेरणीच्या काही आठवडे आधी, ओल असताना मातीत मिसळावी. नुसती वर पसरलेली चुनखडी फार हळू खाली उतरते. पूर्ण मात्रा परवडत नसेल, तर हेक्टरी दोन ते चार क्विंटल चुनखडी पेरणीच्या वेळी सरीत देण्याची पद्धतही आहे. मात्र तिचा परिणाम सरीपुरताच राहतो व ती दर हंगामात द्यावी लागते. चुना युरियाबरोबर किंवा अमोनियम सल्फेटबरोबर एकत्र करू नये, अन्यथा नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते.

जिप्समला अनेकदा चुन्याचा पर्याय समजले जाते. तो कॅल्शियम पुरवितो, त्यामुळे भुईमुगाच्या पोचट शेंगांवर उपयोगी पडतो. परंतु त्याने सामू वाढत नाही. चुन्याची मात्रा जास्त झाल्यास जस्त, बोरॉन व लोह यांची उपलब्धता घटते. अशा वेळी कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागतो. जादा घातलेला चुना परत काढता येत नाही, म्हणून पहिल्या वर्षी शेताच्या एका वाफ्यातच तो देऊन शेजारच्या वाफ्याशी पिकाची तुलना करणे सोयीचे असते.