आधी पाय, मग शेपटी, रंग शेवटी

महाराष्ट्रात कुत्र्याच्या कुळातले चार रानटी प्राणी आहेत: कोल्हा, खोकड, लांडगा आणि रानकुत्रा, म्हणजेच कोळसून. प्रत्यक्षात ते शेजारी उभे राहिले असते तर ओळखण्यात फारसा घोळ झाला नसता. खोकड जेमतेम २-३ किलोचं, कोल्हा ८ ते ११ किलोंचा, लांडगा २० किलोंच्या आसपास. फोटोत मात्र वजन दिसत नाही. लांबच्या पल्ल्याच्या लेन्सने चौकटभर टिपलेलं खोकड आणि चौकटभर टिपलेला लांडगा एकाच मापाचे वाटतात, आणि मग पाहणारा आधार घेतो तो रंगाचा. हे पुस्तक त्या सवयीविरुद्ध आहे.

कोल्ह्याच्या अंगावर पिवळट, राखाडी, तांबूस आणि काळे केस मिसळलेले असतात. लांडग्याच्या अंगावरही साधारण तेच. सूर्य कलला की दोघेही तांबडे होतात, ढगाळ सकाळी दोघेही राखाडी. रात्री अवरक्त प्रकाशात काम करणाऱ्या ट्रॅप कॅमेऱ्यात तर रंगच उरत नाही. हाडांची मापं मात्र उजेडाने बदलत नाहीत. म्हणून आधी पाय पाहावेत.

पुस्तकातलं एक छायाचित्र घेऊ. माळरानावर, हिवाळ्यातल्या संध्याकाळी, बांधावर आडवा उभा असलेला एकटा प्राणी. पाठवणाऱ्याने खाली ‘लांडगा’ असं लिहिलं होतं, आणि त्याला दोष देता येत नाही: अंगावर दाट केस, मान भरदार, नजर थेट कॅमेऱ्यात. आता पाठीपासून छातीच्या तळापर्यंतची उंची डोळ्यांनी मोजा आणि तीच उंची छातीच्या तळापासून जमिनीपर्यंत खाली लावून पाहा. लांडग्यात खालचं अंतर स्पष्टपणे जास्त भरतं. तो काठ्यांवर उभा असल्यासारखा दिसतो. या फोटोत दोन्ही अंतरं जवळपास सारखी आहेत. हिवाळ्यातले पोटाखालचे लोंबते केस छाती खोल दाखवतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये. पुढच्या पायाचं कोपर कुठे आहे ते शोधून तिथून जमिनीपर्यंत पुन्हा मोजावं. तरीही पाय आखूडच भरतात. तोंडाचा पुढचा भाग अरुंद आणि टोकाकडे निमुळता आहे, लांडग्यासारखा लांब आणि रुंद नाही. शेपटी मागच्या पायाच्या वळलेल्या सांध्याच्या आसपास संपते. हा कोल्हा आहे.

प्राणी गुडघाभर गवतात असेल तर ही पद्धत निरुपयोगी ठरते. तेव्हा शेपटी आणि कान यांवर भिस्त ठेवावी लागते. खोकडाची शेपटी डोक्यासह धडाच्या निम्म्याहून लांब, झुपकेदार आणि टोकाला काळी असते. उभ्या खोकडाची शेपटी जवळपास जमिनीला टेकते. टोक पांढरं दिसलं आणि फोटो कच्छचा असला, तर ती वाळवंटी भागातली लाल खोकडाची उपजात. महाराष्ट्रातल्या माळावर तिची अपेक्षा नको. लूत भरलेल्या जनावराची शेपटी दोरीसारखी बारीक होते, अशा वेळी तिची जाडी सोडून फक्त लांबी पाहावी.

कानांबाबत एक सावधगिरी. खोकडाचे कान चेहऱ्याच्या मानाने मोठे असतात हे खरं, पण उन्हाळ्यात केस झडलेल्या बारीक कोल्ह्याचेही कान मोठे वाटतात, आणि ‘खोकड’ म्हणून आलेल्या बऱ्याच फोटोंत एप्रिल-मे महिन्यातला कोल्हाच निघतो. मान वळवलेला फोटो असेल तर कानाची मागची बाजू बघावी: खोकडात ती गडद तपकिरी असते, कोल्ह्यात अंगाच्याच तांबूस छटेची.

रंग शेवटी पाहण्याच्या या नियमाला रानकुत्रा अपवाद आहे. तिथे रंगच आधी बोलतो: विटकरी तांबडं अंग, काळी झुपकेदार शेपटी, गोलसर टोकांचे कान, आखूड तोंड. ताडोबा किंवा मेळघाटातल्या दिवसाउजेडी काढलेल्या फोटोत फार विचार करावा लागत नाही. अडचण येते ती पिल्लांची, कारण ती काळपट तपकिरी असतात. आजूबाजूचे मोठे कोण आहेत ते पाहून ठरवावं.

शेवटचा पेच मात्र फोटोने सुटत नाही. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि गावकुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. अशा जनावराचे पाय लांडग्याचे आणि रंग एकसारखा पिवळसर असू शकतो. अशा फोटोंखाली या पुस्तकात ‘लांडगा की संकर, अनिश्चित’ असंच छापलं आहे. तुम्हीही नोंद करताना तसंच लिहा, आणि फोटो कापून पाठवू नका: कडेला राहिलेली मेंढी, कुंपणाचा खांब किंवा ज्वारीचं ताट यांवरून प्राण्याची उंची काढता येते.