सीक्रेट सांता (कार्यालयीन प्रथा)

सीक्रेट सांता ही नाताळच्या सुमारास सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटवस्तू देण्याची प्रथा आहे. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक वस्तू द्यावयाची, ठरलेल्या दिवसापर्यंत आपले नाव गुप्त ठेवावयाचे आणि किंमत पूर्वनिश्चित मर्यादेत राखावयाची, हे तिचे मुख्य नियम होत. आयर्लंडमध्ये ही प्रथा ‘क्रिस किंडल’, तर स्पेनमध्ये ‘आमिगो इन्विसिब्ले’ (अदृश्य मित्र) या नावाने ओळखली जाते. भारतात ती मुख्यतः महानगरांतील खासगी कार्यालयांमधून रूढ झाली असून पुणे व मुंबई येथील अनेक कार्यालयांत ती डिसेंबरमध्ये पाळली जाते.

नावांची सोडत

चिठ्ठ्या काढताना स्वतःचेच नाव स्वतःला येण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा बरीच अधिक असते. चार जणांत नावे २४ प्रकारे वाटली जाऊ शकतात. त्यांपैकी केवळ ९ प्रकारांत कोणालाही स्वतःचे नाव येत नाही. सहभागींची संख्या वाढली तरी निर्दोष सोडतीचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरच स्थिरावते. स्वतःची चिठ्ठी परत टाकून दुसरी घेण्याचा उपाय शेवटच्या व्यक्तीपाशी अडतो, कारण तिच्यासाठी तिचेच नाव उरलेले असू शकते. तसे झाल्यास संपूर्ण सोडत पुन्हा करावी लागते. यावर सोपी पद्धत अशी : सहभागी नसलेल्या व्यक्तीने सर्व चिठ्ठ्या मिसळून एका ओळीत मांडाव्यात. प्रत्येकाने आपल्या पुढील नावास व शेवटच्याने पहिल्यास भेट द्यावी. यात चूक संभवत नाही; मात्र मांडणाऱ्यास सर्व जोड्या ठाऊक होतात.

खर्चाची मर्यादा

कार्यालयात शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत निरनिराळ्या वेतनाचे लोक एकत्र असतात. भेटीवरून कोणाची ऐपत उघड होऊ नये, हा मर्यादेचा हेतू आहे. म्हणूनच ती ओलांडणे हे औदार्य ठरत नाही. मर्यादा २०० रुपये असताना एकाने ८०० रुपयांची वस्तू दिल्यास नियम पाळणारे इतर सर्वजण कंजूष दिसतात आणि घेणाऱ्यावरही अकारण ओझे येते. शिवाय अधिक खर्चाने अधिक आनंद होतो, हा देणाऱ्यांचा समज असतो. फ्रान्सिस फ्लिन व गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांच्या २००९ मधील अभ्यासात देणाऱ्यांनी महाग भेट अधिक आवडेल असे गृहीत धरले होते. घेणाऱ्यांच्या पसंतीत मात्र किमतीशी तसा संबंध आढळला नाही.

मर्यादा छापील किमतीला लागू आहे की सवलतीनंतर दिलेल्या रकमेला, हे आधी न ठरविल्यास वाद उद्भवतो. छापील किंमत ३९९ रुपये असलेला कप १९० रुपयांना मिळाला, तर देणाऱ्याच्या लेखी नियम पाळला जातो, पण पाहणाऱ्याच्या लेखी तो मोडतो. वेष्टन व टपालखर्च यांचाही खुलासा सूचनेत असणे इष्ट असते.

अपरिचित सहकाऱ्यासाठी निवड

चिठ्ठीत अल्पपरिचित व्यक्तीचे नाव येणे, ही या प्रथेतील नेहमीची अडचण आहे. फ्रँचेस्का जिनो व फ्लिन यांच्या २०११ मधील संशोधनानुसार, मागितलेली वस्तू मिळाल्यास घेणाऱ्यास देणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा अधिक समाधान वाटते. त्यामुळे काही गट नावाच्या चिठ्ठीवरच दोन-तीन आवडी आणि एखादी नावड लिहून घेतात.

तशी सोय नसल्यास निरीक्षणाचा आधार घेतला जातो. उदाहरणार्थ, लेखा विभागात नुकत्याच रुजू झालेल्या सहकाऱ्यासाठी २०० रुपयांत भेट निवडावयाची आहे असे मानू. तो दुपारी घरचा डबा खातो, चहा घेत नाही आणि टेबलावरील कागदांवर स्टेपलरची डबी ठेवून ते दाबतो, एवढेच दिसते. चहाची पेटी येथे बाद होते. मिठाई शक्य असली तरी मधुमेह, उपवास किंवा जैन आहारनियम यांची माहिती नसल्याने ती जोखमीची ठरते. कागद दाबण्यासाठी काचेचे वा दगडी वजन मात्र मर्यादेत बसते, प्रत्यक्ष गरजेतून सुचलेले असते आणि त्यासाठी खासगी चौकशी करावी लागत नाही. नेमकी माहिती हवीच असल्यास ती शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याकडून मिळू शकते. परंतु ज्याला विचारावे त्याच्याकडून गुपित फुटण्याचा धोका राहतो.

अत्तर, कपडे व प्रसाधने यांत माप, आवड किंवा शरीर यांविषयी अंदाज करावा लागतो. वजन, वय अथवा टक्कल यांवर विनोद करणारी वस्तू मित्रांत चालली, तरी सर्वांसमोर वेष्टन उघडले जाणाऱ्या कार्यालयात तीच अपमानास्पद ठरते. देणारा अज्ञात असल्याने दुखावलेल्या व्यक्तीला कोणाकडे दाद मागावी हेही कळत नाही. याच कारणास्तव काही कार्यालयांत भेटी सर्वांदेखत न उघडता घरी नेण्याची मुभा असते आणि सहभाग ऐच्छिक ठेवला जातो.