निळा घोडा, पांढरा घोडा आणि हजेरीचा कारकून

मागे बारगीर आणि शिलेदार यांच्यावर एक भाग केला होता, तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं होतं की हजेरीच्या वेळी घोडा ओळखायचे कसे? माणसाचं नाव, गाव, बापाचं नाव लिहिता येतं. घोड्याचं काय लिहिणार? आजचा भाग त्या एका प्रश्नावर आहे. या भागाचं हे शब्दांकन, बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.

आधी हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते बघू. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. शिलेदाराला पगार मिळतो तो त्याच्या एकट्याचा नाही, घोड्यासकट स्वाराचा. पेशवाईत शिलेदाराचा घोडा चाकरीला लागताना त्याची किंमत ठरायची आणि लढाईत घोडा पडला तर भरपाईचा हिशोब त्यावरून व्हायचा. आता यात लबाडीची जागा कुठे आहे ते लगेच दिसतं. हजेरीला चांगला घोडा दाखवायचा, तो परत करायचा किंवा विकायचा, आणि स्वारीवर एखादं तट्टू घेऊन जायचं. एकच घोडा दोन पथकांत दाखवून दोन पगार घ्यायचे. अकबराच्या दरबारातल्या बदायुनीने यावर चिडून लिहिलं आहे: सरदार हजेरीपुरती भाड्याची माणसं आणि भाड्याचे घोडे उभे करतात.

यावरचा उपाय उत्तरेत जुना होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला अलाउद्दीन खिलजीने दोन गोष्टी लावल्या: घोड्याला दाग, म्हणजे तापल्या लोखंडाचा डाग, आणि स्वाराचा हुलिया, म्हणजे लेखी वर्णन. अकबराने 1570च्या दशकात हीच पद्धत पुन्हा कडक केली, आणि त्यात घोड्याचंही लेखी वर्णन, त्याचा 'चेहरा', ठेवला जाई. पुढच्या काळातल्या मुघल फौजेबद्दल विल्यम अर्विनने लिहिलं आहे की घोड्यांच्या रंगांचे वीस मुख्य वर्ग होते आणि पोटवर्ग धरून अठ्ठावन्न. अठ्ठावन्न! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कारकुनांना दुसरं काम नव्हतं की काय. पण एकदा का हे रंग कसे ठरतात ते कळलं, की आकडा फार वाटत नाही.

गंमत अशी की घोड्याच्या रंगाचं नाव नुसत्या अंगाच्या रंगावरून पडतच नाही. दोन घोडे घ्या. दोघांचं अंग तांबूस, अगदी सारखं. एकाची आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा. दुसऱ्याची आयाळ-शेपूट अंगासारखीच तांबडी, पाय पण तांबडे. पहिला कुमाईत, इंग्रजीतला 'बे'. दुसरा सुरंग, म्हणजे 'चेस्टनट'. अंगाची छटा फिकी असो की गडद, हा फरक बदलत नाही. फार गडद, तेल लावल्यासारखा कुमाईत असेल तर तेल्या कुमाईत, पण तरी तो कुमाईतच. लांबून गडद सुरंग आणि फिका कुमाईत यांच्यात गल्लत होते. म्हणून जाणकार माणूस आधी घोड्याच्या अंगाकडे बघतच नाही, शेपटाकडे आणि गुडघ्याखाली बघतो.

कुमाईत हा शब्द अरबी 'कुमैत'वरून आला. आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवैह याने आपल्या गुरूला, खलीलला, विचारलं होतं की हा शब्द लघुत्वदर्शक रूपात का आहे? म्हणजे आपल्याकडे 'बाळ'चं 'बाळू' होतं तसं. खलीलचं उत्तर असं, की हा रंग धड काळा नाही, धड तांबडा नाही, दोन्हींच्या जवळ आहे म्हणून. एका घोड्याच्या रंगावर दोन व्याकरणकार बोलत बसलेत, हे चित्र मला फार आवडतं.

आणि हे शास्त्र फक्त फारसी-अरबी वाटेने आलं असं समजू नका. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने 'अभिधानचिंतामणि' हा कोश रचला. त्यात घोड्यांच्या रंगांची नावं आहेत: सेराह, खोंगाह, उराह, वोल्लाह. ही नावं ऐकायला संस्कृत वाटत नाहीत. बहुतेक ती घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापलीकडून आली असावीत. पण त्यांची व्याख्या बघा. उराह म्हणजे किंचित फिकट अंगाचा, पण काळ्या पायांचा. वोल्लाह म्हणजे पिंगट अंगाचा, पण फिकट आयाळ-शेपटीचा. इथेही तेच: अंग एकीकडे, आयाळ, शेपूट आणि पाय दुसरीकडे. बाजार कुठलाही असो, घोडा पारखणाऱ्याची नजर एकाच ठिकाणी जाते.

आता पांढऱ्या खुणा. कपाळावरचा टिळा, नाकापर्यंत उतरलेला पट्टा, आणि पांढरे पाय. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरं, असा घोडा पंचकल्याण. लोककथांतला राजपुत्र नेहमी पंचकल्याणी घोड्यावर बसून का येतो, ते यावरून कळेल. तोंड, छाती, आयाळ, शेपूट आणि चार खुर पांढरे असतील तर अष्टमंगल, ही व्याख्या हेमचंद्राकडेही आहे. उलट एकच पाय पांढरा असला की तो अर्जल, आणि तो अशुभ. शुभ-अशुभावर माझा विश्वास नाही, पण बाजाराचा होता आणि त्यामुळे किंमत बदलायची. म्हणूनच विकणाऱ्याला खूण लपवायचा किंवा नवी बनवायचा मोह व्हायचा.

बनवलेली खूण ओळखायची कशी? जन्मजात पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, कारण तिथे रंग तयार करणाऱ्या पेशीच नसतात. जखमेमुळे, चटक्यामुळे किंवा खोगीर घासून उगवलेले पांढरे केस असले, तर खालची कातडी बहुतेकदा काळीच राहते. म्हणजे पाणी घ्यायचं, तो भाग चांगला भिजवायचा आणि केस चिकटले की आत बघायचं. गुलाबी दिसली तर खूण जन्माची. पाठीवरचे पांढरे ठिपके मात्र बहुतेक वेळा खोगिराचेच असतात. खुणा लिहिताना 'डावा' म्हणजे घोड्याचा डावा, बघणाऱ्याचा नाही. आणि पांढरं किती वर गेलंय तेही लिहायचं: खुराच्या कडेपर्यंत, खुरावरच्या सांध्यापर्यंत, की गुडघ्यापर्यंत.

एवढं सगळं बरोबर लिहूनही कारकून जिथे हमखास अडकतो, तो रंग म्हणजे 'ग्रे'. आपल्याकडे याला सबजा म्हणतात, नीला म्हणतात. नीला हा शब्द जरा थांबून बघू. निळा घोडा कुणी पाहिलाय? पण जेजुरीच्या खंडोबाच्या तळी भरताना जो गजर होतो, त्यात देवाचा घोडा निळाच आहे. आणि चित्रांत बघा, तो पांढरा दिसतो. लोक विचारतात, यातलं खरं कुठलं?

माझं उत्तर असं की दोन्ही. ग्रे घोडा ग्रे रंगात जन्मतच नाही. शिंगरू जन्मतं काळं, कुमाईत किंवा सुरंग. थोड्याच दिवसांत डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागतात, चष्मा लावल्यासारखे. मग वर्षागणिक अंगभर पांढरे केस वाढत जातात. काळ्या कातडीवर काळे-पांढरे केस मिसळले की लांबून पोलादी, निळसर छटा दिसते. तोच नीला. पुढे अंगावर चट्टे-वर्तुळं उमटतात आणि बहुतेक घोडे सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान जवळजवळ पांढरे होतात. काहींच्या पांढऱ्या अंगावर नंतर बारीक तांबूस ठिपके येतात, त्याला फारसीत मगसी म्हणतात, माशा बसल्यासारखा. म्हणजे एकाच घोड्याला आयुष्यात चार नावं लागू शकतात, आणि चारही खरी!

आता समजा, एक शिलेदार चार वर्षांच्या घोड्यासह चाकरीला लागला. कारकुनाने लिहिलं: रंग नीला, कपाळावर टिळा, डावा मागचा पाय खुरावरच्या सांध्यापर्यंत पांढरा. सहा वर्षांनी हजेरी होते. समोर उभा आहे पांढरा घोडा. टिळा? सगळं कपाळच पांढरं, टिळा दिसणार कुठून? पांढरा पाय? चारही पांढरे. कागदातली एक ओळ समोरच्या जनावराशी जुळत नाही. घोडा बदलला, असा आळ सहज येतो, आणि आळ आला की माणसाची रोजीरोटी जाते.

पण या घोड्याची साक्ष त्याच्या कातडीत आहे. ग्रे घोड्याचे केस पांढरे होतात, कातडी काळीच राहते. जिथे जन्माची खूण होती तिथे मात्र ती पहिल्यापासून गुलाबी आहे. कपाळ भिजवलं की पांढऱ्या केसांतून काळी कातडी दिसते, आणि मधोमध गुलाबी टिळा, सहा वर्षांपूर्वी लिहिला होता त्याच आकाराचा. डावा मागचा पाय भिजवला की सांध्यापर्यंत गुलाबी, बाकी तीन काळे. अंगभर गुलाबी कातडी निघाली, तर मग तो नुक्रा, जन्मापासून पांढरा, आणि कागदातला घोडा खरंच तो नव्हे.

दुसरी साक्ष भोवऱ्यांची. केसांची दिशा जिथे फिरते ते भोवरे जन्मापासून मरेपर्यंत जागा सोडत नाहीत, रंग काहीही होवो. आपल्याकडे गळ्याजवळच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात आणि तो शुभ मानतात, त्यामुळे जुने जाणकार भोवरे बारकाईने बघायचेच. शकुनासाठी बघायचे, पण ओळखीसाठी त्याहून पक्की खूण नाही.

आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या घोड्यांना पासपोर्ट असतो. त्यात घोड्याची कोरी आकृती छापलेली असते, दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून. पशुवैद्य त्यावर पांढऱ्या खुणा लाल शाईने भरतो आणि प्रत्येक भोवऱ्याच्या जागी काळ्या शाईने फुली मारतो. शिंगरू असतानाच हे करून घ्यायचं, विशेषतः आई किंवा बाप ग्रे असेल तर. कारण ग्रे शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी ग्रे असतोच, आणि अशा शिंगराच्या कागदावर आज 'कुमाईत' लिहिलं तर पाच वर्षांनी कुणीतरी पाण्याची बादली घेऊन उभा राहणार आहे.

पुढच्या भागात नाल आणि नालबंद. तोपर्यंत नमस्कार.